आकृती नाही, पण उत्तर ‘३’ आहे : प्रश्नसंच समितीला खुलं पत्र

प्रति,
जिल्ह्यातल्या शाळांना नवोदय प्रवेश परीक्षेचा सराव प्रश्नसंच पुरवणाऱ्या समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं आणि निवृत्तीनंतर गावीच राहिलो. गाव पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. संध्याकाळी सहा ते आठ समाजमंदिरात पाचवीच्या लेकरांचा वर्ग घेतो. फी नाही. यंदा अकरा लेकरं आहेत. बहुतेकांचे आईबाप या दिवसांत कपाशी वेचायला जातात. घरी लहान भावंडं असतात, त्यामुळे काही मुली धाकट्याला कडेवर घेऊनच वर्गाला येतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आपला प्रश्नसंच शाळेत आला. मुख्याध्यापकांनी त्याच्या अकरा प्रती माझ्या वर्गाला दिल्या. नवी कोरी पुस्तकं पाहून लेकरं हरखली. बाजारातला संच विकत घेणं यातल्या बहुतेकांना परवडत नाही, म्हणून मलाही आनंद झाला. मी पहिली चाचणी उघडली आणि पाचवा प्रश्न मोठ्याने वाचला. तो जसा छापलाय तसाच देतो :

“प्र. ५. प्रश्न आकृतीची आरशातील प्रतिमा उत्तर आकृत्यांमधून निवडा. प्रश्न आकृती. उत्तर आकृत्या. (१) (२) (३) (४)”

एवढंच. कंसांच्या पुढे काही नाही. मला वाटलं, छपाईत एखादं पान फिकं उमटलं असेल. म्हणून दुसरी प्रत पाहिली, मग तिसरी. सगळ्या सारख्याच. एक मुलगा म्हणाला, “गुर्जी, आकृती कुठी हाय? आमी काय पाहाव?” त्याला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं.

त्या रात्री मी पूर्ण संच तपासला. दहा चाचण्या आहेत, प्रत्येकीत मानसिक क्षमतेचे चाळीस प्रश्न, म्हणजे एकूण चारशे. या चारशेपैकी एकाही प्रश्नाला आकृती नाही. उत्तरसूची मात्र पूर्ण आहे. प्रश्न ५ चं उत्तर ३, प्रश्न ६ चं उत्तर १, असं शेवटपर्यंत. काही प्रश्नांना स्पष्टीकरणही दिलंय : “आकृतीवरून स्पष्ट आहे की पर्याय ३ योग्य आहे.”

हे पत्र मी आधी आपल्याकडे साधा अर्ज म्हणून पाठवलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे. कुणाची बदनामी करायची नाही. आपल्यापैकी काही जण माझ्यासारखेच शिक्षक आहेत, हे मला माहीत आहे.

नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न असतात, १०० गुण आणि दोन तास. त्यातले ४० प्रश्न आणि ५० गुण मानसिक क्षमतेचे असतात आणि हा पूर्ण विभाग आकृत्यांचा असतो. त्यात दहा प्रकार, प्रत्येकी चार प्रश्न. वेगळी आकृती ओळखणं, आकृत्यांची मालिका पुरी करणं, आरशातली प्रतिमा, कागदाच्या घड्या आणि छिद्रं वगैरे. शब्द अगदी कमी, कारण लेकराची भाषा, घरचं वातावरण आणि पुस्तकांची उपलब्धता यांना न अडकता त्याची नजर आणि विचार तपासावा हाच या विभागाचा हेतू आहे. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. देशातल्या पहिल्या दोन नवोदय शाळा १९८५-८६ साली सुरू झाल्या, त्यातली एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या विदर्भात अमरावतीला. आमच्या भागातल्या लेकरांना ही परीक्षा काही परकी नाही. आणि आपण त्यांच्या हाती दिलेल्या संचातून निम्मी परीक्षाच गळाली आहे.

आता माझ्या तक्रारी सांगतो. पहिली सगळ्यात गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संच आला तेव्हा मी लेकरांना गणित आणि भाषेची पानं सोडवायला सांगितली आणि आकृत्यांचं मी बघतो म्हणालो. पण संच घरी गेला होता. वर्गात एक मुलगी आहे, फार मेहनती. बाप सालदार आहे. “पोरगी लागली पायजे गुर्जी,” असं तो मला दर बाजाराच्या दिवशी सांगतो. पंधरा दिवसांनी तिने आपण होऊन मला वही दाखवली. पहिल्या तीन चाचण्यांची मानसिक क्षमता तिने सोडवली होती. एकीत ४० पैकी ३६, दुसरीत ३८, तिसरीत ३७. मी चकित झालो. विचारलं, “आकृती नसताना कसं सोडवलं गं?” ती म्हणाली, “उत्तरं मांगं देल्ले हायेत ना गुर्जी. मी रोज पाठ करतो. पाचचं तीन, साचं एक.”

पोर खोटं बोलत नव्हती. शाळेने दिलेलं पुस्तक आहे, त्यात प्रश्न आहे आणि उत्तर आहे, म्हणजे हे असंच शिकायचं असणार, असं तिला वाटलं. मग मी एका ओळखीच्या शिक्षकाकडून आकृत्या असलेला जुना संच आणला आणि त्यातली चाचणी दिली. तिला ४० पैकी ११ आले.

हा ११ आकडा नीट पाहा. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी चारात एक बरोबर येतो, चाळिसात दहा. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून लेकरं एकही प्रश्न सोडत नाहीत, सगळे गोल भरतात. त्यामुळे ११ म्हणजे अकरा प्रश्न आले असं नाही, जवळपास सगळंच अंदाजाने भरलं असा त्याचा अर्थ. शिकवणाऱ्याने हे ओळखायला हवं. चाळिसात नऊ, दहा, अकरा, बारा यातलं काहीही आलं तर त्या लेकराला अजून आकृती वाचता येत नाही असं समजावं आणि सुरुवातीपासून घ्यावं. आधीचे ३६, ३८ आणि ३७ हे आकडे मला काहीच सांगत नव्हते. आकृती नसलेल्या प्रश्नाचा धोका इथेच आहे. त्यातून लेकरू शिकत नाही आणि शिकवणाऱ्याला ते कळतही नाही. पंधरा दिवस गेले. त्या मुलीला आता आकृती दिसली की ती आधी आकडा आठवायला लागते. ती सवय मोडायला आणखी पंधरा दिवस लागतील.

दुसरी तक्रार आकृत्या गेल्या कशा याची. तालुक्याला माझा एक जुना विद्यार्थी डीटीपीचं काम करतो. त्याच्याकडे संच घेऊन गेलो. त्याने दहा मिनिटांत सांगितलं, “सर, हे कुण्या तरी जुन्या फाइलमधून उचललं हाय. फक्त मजकूर कॉपी करून दुसऱ्या फाइलमंधी चिकटवला. चित्रं मांगंच राह्यली.” मजकूर निवडून चिकटवला की अक्षरं येतात. काढलेल्या रेषा, चौकोन, बाण आणि फोटो येत नाहीत. जुना फाँट बदलून युनिकोड करायचं म्हणूनही असं करतात. अक्षरं नीट दिसतात, म्हणून तपासणाऱ्यालाही सगळं आलं असं वाटतं.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला कधीच सुचली नसती. तिसऱ्या चाचणीत एक प्रश्न असा छापलाय :

“प्रश्नचिन्हाच्या जागी काय येईल? `n l u n l ?` (१) `l` (२) `o` (३) `u` (४) `n`”

मला वाटलं होतं ही इंग्रजी अक्षरमाला आहे. पण ही अक्षरं नाहीत, आकृत्याच आहेत. विंगडिंग्ज नावाचा एक फाँट आहे, त्यात `n` दाबलं की भरीव चौकोन येतो, `l` दाबलं की भरीव गोल, `u` दाबलं की शंकरपाळ्यासारखी आकृती आणि `o` दाबलं की पोकळ चौकोन. मूळ टायपिस्टने आकृत्या या फाँटमधून काढल्या होत्या. मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये गेला आणि चौकोनाचा `n` झाला. या प्रश्नात निव्वळ क्रम पुन्हा येतो, त्यामुळे अक्षरांवरूनही `u` हे उत्तर निघतं. पण त्याच पानावर पुढच्या प्रश्नात `l l n o` अशी चार अक्षरं आहेत आणि त्यात वेगळी कोणती असं विचारलंय. भरीव आणि पोकळ हा फरक आकृतीत लगेच दिसतो. अक्षरांत तो राहत नाही. अक्षरांकडे पाहून लेकरू `n` म्हणेल, `o` म्हणेल किंवा काहीच म्हणणार नाही.

आपल्या संगणकावर ती मूळ फाइल अजून असेल तर अशा प्रश्नांची दुरुस्ती सोपी आहे. तेवढी अक्षरं निवडायची आणि फाँट परत बदलायचा. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितोय, कारण सगळंच काही नव्याने काढावं लागणार नाही.

तिसरी तक्रार : आकृती गेल्यावर प्रश्नाचं काय उरतं याचा कुणी विचारच केलेला दिसत नाही. सगळे प्रश्न सारखे मेलेले नसतात. काहींना शब्दांनी जिवंत करता येतं, काहींना नाही. तीन प्रकार घेऊन सांगतो, कारण मी गेले दोन महिने रोज संध्याकाळी हेच करतोय.

आरशाचा प्रश्न अर्धाच वाचतो. आकृतीबरोबर आरसा कुठे ठेवला आहे ते दाखवणारी रेषाही जाते, आणि उत्तर त्या रेषेवरच ठरतं. इंग्रजी `b` घ्या. आरसा उजवीकडे उभा ठेवला तर डावं-उजवं बदलतं आणि `d` दिसतो. आरसा खाली आडवा ठेवला तर वरचं खाली जातं आणि `p` दिसतो. दोन्ही बदललं तर `q`. म्हणजे पर्यायांत `d`, `p`, `q`, `b` असतील आणि रेषा नसेल, तर दोन उत्तरं बरोबर ठरू शकतात. मी वर्गात एका मुलीच्या आईचा छोटा आरसा आणून पाटीवर ठेवून दाखवला. आधी उजवीकडे उभा, मग पाटीच्या खाली आडवा. लेकरांना एका मिनिटात कळलं. प्रश्नात नुसतं “आरसा आकृतीच्या उजव्या बाजूला आहे” असं वाक्य असतं, तरी `b` चा प्रश्न शब्दांत पूर्ण झाला असता.

पण मराठी शब्दाचं प्रतिबिंब विचारलं असेल तर टायपिंगने काम होत नाही. आपल्या संचात सहाव्या चाचणीत “नागपूर” या शब्दाची आरशातली प्रतिमा विचारली आहे. पर्याय असे : (१) नागपूर (२) नागपूर (३) नागपूर (४) नागपूर. उत्तर ४. मूळ छपाईत चारही शब्द उलटसुलट काढलेले असणार. युनिकोडमध्ये आले आणि सगळे सरळ झाले. या प्रश्नावर लेकरं आधी हसली. मग एकाने मला विचारलं की चौथा कसा वेगळा हाय. सांगायला काही नव्हतं.

घड्याळाचा प्रश्न नवोदयच्या या विभागात येत नाही, पण शिष्यवृत्तीला आणि पुढे भरतीला येतो, आणि तो आकृतीशिवायही पूर्ण चालतो. घड्याळात ८ वाजून २० मिनिटं झाली असतील तर आरशात किती दिसतील? ११ वाजून ६० मिनिटं यातून वजा करा, ३ वाजून ४० मिनिटं. ज्याला आकृत्या छापणं जमत नाही, त्याने निदान असे प्रश्न द्यावेत.

घड्यांचा प्रश्न शब्दांत सगळ्यात चांगला वाचतो, आणि तोच आपण पूर्ण वाया घालवलाय. आपल्या संचात लिहिलंय : “चौरस कागद घडी घालून छिद्र पाडले. उलगडल्यावर कसा दिसेल?” कोणती घडी, किती घड्या, छिद्र कुठे, काही नाही. हाच प्रश्न मी लेकरांना असा दिला. तुम्हीही करून पाहा.

१६ सेंमी बाजू असलेला चौरस कागद घ्या. उजवा अर्धा डाव्या अर्ध्यावर दुमडा. मग खालचा अर्धा वर दुमडा. आता वरच्या डाव्या कोपऱ्याचा चतुर्थांश उरला, चार पदरांचा. डाव्या कडेपासून २ सेंमी आणि वरच्या कडेपासून ३ सेंमीवर एक छिद्र पाडा. उलगडा.

उलगडताना शेवटची घडी आधी सोडायची. दुसरी घडी वरून ८ सेंमीवर होती, म्हणून वरून ३ सेंमीवरच्या छिद्राचा जोडीदार वरून १३ सेंमीवर येतो, कारण १६ मधून ३ गेले की १३. आता दोन छिद्रं झाली. मग पहिली घडी सोडायची. ती डावीकडून ८ सेंमीवर होती, म्हणून डावीकडून २ वरच्यांचे जोडीदार १४ वर येतात. एकूण चार छिद्रं, चारही कोपऱ्यांजवळ. लेकरांनी बाभळीच्या काट्याने कागद टोचला, उलगडला आणि पट्टी लावून मोजलं. ज्या मुलीने उत्तरं पाठ केली होती, तिने १३ आणि १४ हे आकडे कागद उलगडायच्या आधीच सांगितले.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की छिद्रांची संख्या पुरेशी नसते. दोन घड्या म्हणजे चार पदर म्हणजे चार छिद्रं, एवढं सांगून लेकरू मोकळं होतं. पण परीक्षेत अनेकदा चारही पर्यायांत चार-चार छिद्रं असतात, फरक असतो तो जागेचा. घडी घातलेल्या चतुर्थांशाला दोन कडा सुट्या असतात आणि दोन बंद. वरची आणि डावी सुटी, उजवी आणि खालची घडीची. सुट्या कोपऱ्याजवळ टोचलं तर छिद्रं कागदाच्या चार कोपऱ्यांत जातात. बंद कोपऱ्याजवळ टोचलं तर ती मधोमध एकमेकांजवळ येतात. उजव्या घडीच्या कडेवर अर्धगोल कापला तर चार नाही, दोनच पूर्ण गोल मिळतात, मधल्या उभ्या रेषेवर, एक वर आणि एक खाली. आणि बंद कोपराच कापला तर बरोबर मध्यभागी एकच छिद्र. म्हणून मी लेकरांना शिकवलंय की प्रश्न वाचताना आधी घडी शोधायची, मग छिद्र घडीच्या बाजूला आहे की सुट्या बाजूला ते बघायचं, आणि मोजणी शेवटी.

कर्णावर दुमडलं तर नियम वेगळा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत घडी असेल, तर डावीकडचं अंतर आणि वरचं अंतर यांची अदलाबदल होते. डावीकडून २ आणि वरून ३ वरचं छिद्र उलगडल्यावर डावीकडून ३ आणि वरून २ वरही दिसतं. लेकरं इथे चुकतात, कारण त्यांना वाटतं समोरच्या कोपऱ्यात जाईल. कागद हातात दिला की चूक आपोआप सुधारते.

पण मालिकेच्या प्रश्नाला शब्द पुरत नाहीत. हे मला करून पाहिल्यावरच कळलं. मी एक मालिका शब्दांत मांडली. पहिल्या चौकोनात बाण वर, टिंब वरच्या डाव्या कोपऱ्यात. दुसऱ्यात बाण वर-उजवीकडे तिरपा, टिंब खालच्या डाव्या कोपऱ्यात. तिसऱ्यात बाण उजवीकडे, टिंब खालच्या उजव्या कोपऱ्यात. चौथ्यात काय? नऊ लेकरांनी लगेच सांगितलं : बाण उजवीकडे-खाली तिरपा, टिंब वरच्या उजव्या कोपऱ्यात. बाण दर वेळी ४५ अंश घड्याळाच्या दिशेने आणि टिंब एकेक कोपरा उलट दिशेने. मला बरं वाटलं. मग तशीच दुसरी मालिका फळ्यावर चित्राने काढली, अजिबात न बोलता. चारच लेकरांना आली.

कारण सोपं आहे. मी शब्दांत “बाण” आणि “टिंब” म्हणालो, तेव्हाच काय बघायचं ते सांगून टाकलं होतं. चित्रात ते लेकराला स्वतः शोधावं लागतं. चौकोनाच्या रेषा, बाणाचं टोक, टिंब, रंग, यातलं काय बदलतंय आणि काय तसंच आहे हे निवडणं, हीच त्या प्रश्नाची खरी परीक्षा. वर्णन केलं की अर्धा प्रश्न शिक्षकाने सोडवलेला असतो. “वेगळी आकृती ओळखा” याचंही तसंच. म्हणून मालिकेला आणि वेगळी ओळखण्याला चित्र लागतंच, त्याला दुसरा इलाज नाही. घडीला आणि ठरावीक आरशाला शब्द चालतात, कारण तिथे अवघड भाग वर्णनात नाही, मनातल्या मनात कागद उलगडण्यात आहे.

मी फळ्यावर काढून भागवतो असं कुणी म्हणेल. काढतोच. पण ४० प्रश्नांसाठी दोनशे चौकोन लागतात, आणि हाताने काढताना माझ्याकडूनही चूक होते. एकदा आरशाच्या प्रश्नात मी एक कोपरा जरा वाकडा काढला आणि दोन पर्याय सारखेच दिसू लागले. एक मुलगा अर्धा तास त्याच प्रश्नावर बसला, बिचारा स्वतःलाच चुकीचा समजत होता. शिवाय परीक्षेत आकृत्या लहान आणि एकमेकींजवळ असतात. फळ्यावरच्या हातभर चौकोनाने ती सवय होत नाही.

चौथी तक्रार छोटी आहे. संचाच्या शेवटी “तज्ज्ञ शिक्षकांकडून तपासलेला” असं छापलंय. तपासणाऱ्याने एक प्रश्न जरी स्वतः सोडवायला घेतला असता, तर तो पहिल्या प्रश्नालाच थांबला असता.

आता मागण्या सांगतो.

हा संच मागे घ्या, निदान मानसिक क्षमतेचा भाग. सर्व शाळांना एक ओळीचं पत्र पाठवा की या चारशे प्रश्नांची उत्तरसूची लेकरांच्या हातून काढून घ्यावी. हे आजच होऊ शकतं आणि याला पैसा लागत नाही. ज्या शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही तिथली लेकरं आजही आकडे पाठ करत असतील.

मूळ फाइल शोधा. असेल तर आकृत्यांसह नव्याने छापा, नाहीतर त्या पानांचा फोटो काढून पीडीएफ करा. काळीपांढरी चालेल. झेरॉक्स आम्ही वर्गणी काढून करू. मूळ फाइल सापडत नसेल तर चारशेचा हट्ट सोडा. दहा प्रकारांचे चार-चार असे चाळीस प्रश्न, आकृत्या नीट काढलेले, एकच चाचणी द्या. एका खऱ्या चाचणीवर मी महिनाभर काम करू शकतो.

आरशाच्या प्रत्येक प्रश्नात आरशाची रेषा दाखवा आणि शब्दांतही लिहा. घडीच्या प्रश्नात घडीची दिशा बाणाने आणि शब्दांनी दोन्ही द्या. उत्तराच्या स्पष्टीकरणात “आकृतीवरून स्पष्ट आहे” हे वाक्य येऊ देऊ नका. काय फिरलं, किती फिरलं, कोणत्या दिशेने, हे लिहा. उद्या पुन्हा चित्र गळालं, तर त्या स्पष्टीकरणावरून कुठलाही शिक्षक ते परत काढू शकेल.

आणि छापखान्यात देण्याआधी तयार फाइल समितीबाहेरच्या एका पाचवीच्या लेकराला द्या. त्याला फक्त पहिले दहा प्रश्न सोडवू द्या. तेवढी तपासणी पुरेल. लेकरू लगेच विचारेल, आकृती कुठी हाय म्हणून.

सुधारित पानं येईपर्यंत आमचा वर्ग चालू आहे. आपल्या संचाची पानं वाया गेलेली नाहीत. प्रश्न आणि कंसांच्या मध्ये जी कोरी जागा सुटली आहे, तिथे लेकरं आता पेन्सिलने स्वतःच्या आकृत्या काढतात आणि दुसऱ्याला सोडवायला देतात. पाठांतर करणाऱ्या त्या मुलीने काल प्रश्न ५ ची जागा भरली. पतंग काढला, त्याची शेपटी डावीकडे, बाजूला आरशाची उभी रेषा आणि चार पर्याय. उत्तर तिने ३ च ठेवलं आहे, पण या वेळी शेपटी उजवीकडे वळलेली आहे म्हणून.

समितीतलं कुणी आलं तर सहा ते आठ यावं. वर्ग बघावा आणि ती पानं सोबत न्यावीत.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक